आभाराचा व्हिडिओ आईच्या आवाजात कसा करावा?

प्रश्न: समुद्रपूर तालुक्यात आमची वायगाव हळद आहे. आईनं घरूनच विक्री सुरू केली, आता नागपूर, वर्धा, पुण्याची मिळून दीडशेक घरं दरवर्षी आमच्याकडूनच वर्षाची हळद भरतात. त्यांचे आभार मानणारा एक व्हिडिओ आईच्या आवाजात करून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आहे. यंदाही या, असं सांगायचं आहे, पण मागं लागल्यासारखं वाटू नये. आईला कॅमेऱ्याची सवय नाही आणि ती आपल्याकडचीच बोली बोलते. काय बोलावं, कधी पाठवावं, सोबत ऑफर द्यावी का?

उत्तर:

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ऑफर देऊ नका. भावही सांगू नका. हिंगणघाट-वर्धा भागातल्या घरगुती उत्पादकांसाठी मी असे व्हिडिओ करत आलो आहे आणि बहुतेक व्हिडिओ याच एका जागी बिघडतात. आभार मानून झाले की लगेच ‘पाच किलोवर सूट’ येते, आणि ऐकणाऱ्याला कळतं की आधीचं गोड बोलणं या वाक्यासाठी होतं. आभार आणि विक्री हे दोन वेगळे निरोप ठेवा. आजच्या व्हिडिओत आभार आणि थोडी माहिती एवढंच असू द्या. भावाचा निरोप नंतर जाईल आणि जो विचारेल त्यालाच जाईल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमची दीडशे घरं आहेत म्हणून व्हिडिओ ठीक आहे. पंचवीस-तीसच असती, तर मी म्हटलं असतं की व्हिडिओ सोडा, आईला रोज संध्याकाळी चार फोन करू द्या. माल दुकानातून जात असता आणि गिऱ्हाइकाचे नंबरच तुमच्याकडे नसते, तर हा व्हिडिओ कोणाला पाठवायचा हाच प्रश्न उरला असता. तुमच्या यादीत काही आजी-आजोबा बटणाच्या फोनवाले असतीलच. त्यांना आईचा फोनच जाऊ द्या.

व्हिडिओ काढण्याआधी वही उघडा. किमान दोन हंगाम माल नेलेल्यांचीच यादी करा. त्यातून तीन प्रकारची नावं बाजूला काढा. ज्यांची काही तक्रार होती आणि ती मिटली नाही, त्यांना आधी फोन. ज्यांच्या घरी अलीकडे दुःखद काही घडलं, त्यांना आत्ता काहीच नको. आणि ज्यांच्याकडे उधारी आहे त्यांना हा व्हिडिओ पाठवू नका. हे तिसरं फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. मागच्या वर्षीचे पैसे द्यायचे राहिलेल्या माणसाला तुमच्या आईचा हसरा चेहरा दिसला आणि ‘तुमची आठवण आली’ असं ऐकू आलं, तर तो त्याला तगादाच समजणार. तुमच्या मनात तसं काही नसलं तरी तो अवघडतो, आणि अवघडलेला माणूस मग दुसरीकडून हळद घेतो. त्याचा हिशेब आधी वेगळा बोलून घ्या.

पाठवायचं कधी? आपल्याकडे लोक वर्षाचं तिखट-हळद उन्हाळ्यात, पावसाळ्याआधी भरतात. ज्या दिवशी तुमची दळलेली हळद तयार होऊन भाव निघतो, त्या दिवशी व्हिडिओ गेला तर तो जाहिरातच ठरतो. ऑगस्टमध्ये गेला तर बोलावण्याला काही अर्थच नाही. मधली वेळ साधा: हळद शिजवून अंगणात वाळत टाकलेली असते ते दहा-पंधरा दिवस. विकायला अजून काही नसतं, म्हणून घाई करायचं कारणही नसतं. पण दाखवायला खूप असतं. पाडवा, होळी, महिला दिन असे दिवस मात्र टाळा, त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर शुभेच्छांचा ढीग पडलेला असतो. रोज सकाळीही तसाच ढीग असतो, म्हणून दुपारची जेवणं आटोपल्यावर किंवा रात्री आठच्या सुमारास पाठवा.

आता मुख्य गोष्ट, आईनं काय बोलायचं. साठ सेकंदांच्या वर जाऊ नका. शांतपणे बोलणारं माणूस मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतं, म्हणजे मजकूर शंभर शब्दांत बसला पाहिजे. त्यात चार गोष्टी याव्यात: त्या माणसानं काय केलं, त्यातून तुमच्याकडे काय घडलं, सध्या काय चाललं आहे, आणि हवी असेल तर कधी आणि कुठं सांगायचं.

पहिल्या गोष्टीत ‘आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल’ असं म्हणू नका. ते बँकेच्या पत्रातही असतं. गिऱ्हाइकानं खरं काय केलं ते सांगा. पहिल्या वर्षी कोणी ओळखत नसताना पाव किलो नेऊन पाहिली, दुसऱ्या वर्षी स्वतःहून फोन केला, बहिणीला नंबर दिला. हे ऐकलं की माणसाला आपण आठवतो.

दुसऱ्या गोष्टीत फार सांभाळावं लागतं. ‘तुमच्या खरेदीमुळं काय झालं’ हे सांगताना झालेली, पूर्ण झालेली गोष्ट सांगा. ‘तुम्ही नेली म्हणून आम्ही मागच्या साली शिजवायची मोठी कढई घेतली’ हे चालतं. कढई घेऊन झाली, आता ऐकणाऱ्याच्या अंगावर काही नाही, त्याला फक्त बरं वाटतं. ‘तुमच्यावरच आमचं घर चालतं’ हे चालत नाही. ते वाक्य संपतच नाही. यंदा हळद नाही घेतली तर या माउलीचं घर कसं चालेल, हा भार पुण्याच्या एखाद्या घरावर पडतो. आपल्या विदर्भात तर हे विशेष जपावं लागतं. शेतकऱ्याच्या हलाखीच्या बातम्या सगळ्या महाराष्ट्रानं वाचलेल्या आहेत. ‘विदर्भातल्या शेतकऱ्याला साथ द्या’ म्हटलं की समोरच्याला नाही म्हणताच येत नाही. एकदा दयेपोटी घेतलेल्या मालाला पुढच्या वर्षी तीच दया लागते. तुमची गिऱ्हाइकं मात्र हळद चांगली आहे म्हणून परत येतात. त्यांचं नातं तिथंच राहू द्या.

बोलावण्याचंही तसंच आहे. ‘लवकर या’, ‘संपत आली’, ‘शेवटची संधी’ हे सगळं काढा. तुम्ही म्हणाल, पण हळद खरंच संपते. संपते, आणि ते लपवायचंही कारण नाही. साध्या माहितीसारखं सांगा: ‘पावसाळ्यापर्यंत असते, नंतर पुढच्या वर्षी.’ धाक वाटतो तो ऐकणाऱ्याला वेळ उरला नसेल तर. तुम्ही तर दळण्याच्याही आधी सांगत आहात, त्याच्याकडे आठवडे आहेत. आणि एक वाक्य असं असू द्या ज्यात नाही म्हणायची वाट मोकळी आहे: घरी आधीची हळद असेल तर ती संपू द्या, यंदा नको असेल तरी काही हरकत नाही. हे वाक्य तुमच्या विक्रीच्या विरुद्ध जातं, म्हणूनच ऐकणारा बाकीच्या वाक्यांवर विश्वास ठेवतो.

हे सगळं तुमच्या आईच्या तोंडी घालून पाहिलं तर साधारण असं होईल. हे पाठ करून घ्यायला दिलेलं नाही, रोख कळावा म्हणून लिहितो. यातली कढई, पाव किलो या गोष्टी तुमच्या घरच्या खऱ्या गोष्टींनी बदला.

“नमस्कार जी. ओळखलं ना? मी हळदवाली मावशी, समुद्रपूरकडची. पहिल्या साली आमाले कोणी ओळखत नव्हतं, तरी तुमी पाव-पाव किलो नेऊन पाह्यली. दुसऱ्या साली तुमचाच फोन आला, मावशी हळद हाय का म्हणून. तुमी नेली म्हणून आमी मोठी कढई घेतली, आता शिजवणं घरीच होते. औंदाची हळद वाळून राह्यली, हे पाहा. (हळकुंड मोडते) लय आभार तुमचे. पाडवा झाला का दळून तयार राहीन, पावसाळ्यापर्यंत असते. लागली तर याच नंबरवर सांगजा. घरी आधीची असन तर ती संपू द्या, औंदा नसन लागत तरी काही हरकत नाही. इकडं कधी आले तर चहाले येजा. बरं, ठेवते.”

बोलीबद्दल तुम्ही विचारलं. बदलू नका. पुण्याच्या बाईनं तुमच्या आईला फोनवर याच बोलीत ऐकलेलं आहे, तोच आवाज तिच्या ओळखीचा आहे. व्हिडिओत अचानक ‘आपले मनःपूर्वक आभार मानू इच्छिते’ आलं, तर मावशींच्या हातात कोणीतरी कागद दिला हे तिला लगेच कळेल. एखादा शब्द तिकडं कळणार नाही असं वाटलं, तर खाली मोठ्या अक्षरांत ओळी टाका. तशाही टाकाच, बरेच लोक आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात. फक्त ओळी टाकल्यावर जोडाक्षरं नीट वाचून पाहा. काही ॲपमधले फॉन्ट देवनागरी तोडतात, आणि ‘नमस्कार’मधला स आणि क सुटे दिसतात. तसं झालं तर फॉन्ट बदला.

आईला बोलतं कसं करायचं? कॅमेऱ्यासमोर उभी करून ‘बोल आता’ म्हटलं की भल्याभल्यांचा घसा सुकतो. तिला तिच्या कामावर बसवा, पुढ्यात वाळलेली हळकुंडं ठेवा आणि निवडू द्या. हात कामात असले की आवाज मोकळा होतो. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कशावर तरी पक्का टेकवा आणि लेन्सच्या अगदी बाजूला तुम्ही नाही, तर तिची हळद नेणारी एखादी शेजारीण बसवा. मग प्रश्न विचारा. पहिल्यांदा हळद कोणी नेली होती? कढई घ्यायची कधी ठरली? हळद वाळली हे तू कशावरून ओळखतेस? उत्तरं येऊ द्या, प्रश्न नंतर कापता येतात. पहिल्या वेळी ती थोडं पुस्तकी बोलेल. थांबू नका, रागावू नका, चहा घ्या आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. दुसऱ्या वेळी तिचं तिला सुचायला लागतं. कामाचं बोलणं बहुतेक तिथंच सापडतं.

त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिनं करून दाखवावं. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की कट्ट असा खणखणीत आवाज येतो, ओलं असलं तर ते नुसतं वाकतं. हा एका सेकंदाचा आवाज व्हिडिओत येऊ द्या. हळद चांगली आहे हे मग तोंडानं सांगावं लागत नाही. २०१६ मध्ये वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही या व्हिडिओत नको. ते पाकिटावर शोभतं, आणि त्याचं चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असावी लागते. तसंच हळदीनं अमका आजार बरा होतो, असं चुकूनही आईच्या तोंडून जाऊ देऊ नका. अन्नपदार्थ विकताना आजार बरा करण्याचा दावा करायला २०१८ च्या नियमांत मनाई आहे.

चित्र थोडं कमी-जास्त चालेल, आवाज मात्र स्वच्छ हवा. घरगुती व्हिडिओ लोक अर्ध्यात बंद करतात ते बहुतेक वेळा बोललेलं कळत नाही म्हणून. पंखा, कूलर बंद. पॉलिशचा ड्रम बंद. चिमण्या, दुरून कोंबडा, भांड्याचा आवाज असला तर असू द्या, तो अंगणाचाच आवाज आहे. कॉलरला लावायचा साधा वायरचा माईक मिळाला तर उत्तम. नसेल तर दोन फोन वापरा. एक समोर चित्र घेईल, दुसरा आवाज रेकॉर्ड करत आईच्या पुढ्यातल्या सुपाआड, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. दोन्ही सुरू झाले की एक टाळी वाजवा. जुळवताना दोन्हीकडची टाळी एका जागी आणली की ओठ आणि आवाज बरोबर बसतात. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमक्या चांगल्या वाक्याला कोणाचा तरी फोन येईल.

उजेडासाठी सकाळी आठ-साडेआठची वेळ धरा आणि आईला छपरीत, अंगणाकडं तोंड करून बसवा. मार्चमध्ये अकरानंतर आपल्याकडचं ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि उन्हात ठेवलेला फोन तापून मध्येच बंदही पडतो. लेन्स पदरानं पुसून घ्या. हळदीचे हात लागलेल्या फोनचं चित्र धुरकट येतं. फोन उभाच धरा, लोक तसाच पाहतात. मागं गाणं लावू नका. सिनेमाच्या गाण्याचे हक्क तुमचे नसतात हे एक, आणि गाणं आलं की आई बोलत असताना लोक गाणं ऐकतात.

कापून झालं की हा व्हिडिओ अशा माणसाला दाखवा ज्याला तुमचा बेत माहीत नाही. एकच प्रश्न विचारा: यात आम्ही तुझ्याकडं काय मागितलं? ‘हळद घ्या म्हणता’ असं उत्तर आलं तर कोणत्या वाक्यानं तसं वाटलं ते विचारा आणि ते वाक्य काढा. ‘मागितलं काही नाही, मावशीनं आठवण काढली’ असं आलं तर पाठवायला तयार.

पाठवतानाही सांभाळा. दीडशे जणांचा ग्रुप करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि कोणीतरी तिथं सकाळचे फुलांचे फोटो टाकायला लागतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तो निरोप फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. तुम्ही पाठवला आणि अर्ध्या लोकांना मिळालाच नाही, असं होऊ शकतं आणि तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून तुमच्या आकड्याला मी एकेकाला पाठवा असंच म्हणेन. तीन-चार संध्याकाळी दोघांनी बसून होऊन जातं. एकाकडून दुसऱ्याकडं फॉरवर्ड करू नका, वर ‘फॉरवर्ड’ची खूण दिसू शकते आणि मग आईचा निरोप कुठूनतरी आलेल्या व्हिडिओसारखा वाटतो. दर वेळी गॅलरीतून नव्यानं जोडा आणि वर एक ओळ लिहा: ‘नागपूरच्या काकू, आईनं तुमच्यासाठी पाठवलंय.’ एवढं पुरे. त्या ओळीत ना भाव, ना लिंक.

उत्तरं यायला लागली की ती वाचायला शिका. लोक ‘मावशी कशा आहेत’, ‘पाऊस झाला होता का तिकडं’, ‘मागच्या खेपेची अजून शिल्लक आहे’ असं लिहू लागले तर व्हिडिओ आभार म्हणून पोचला. बहुतेकांनी नुसतं ‘भाव काय?’ विचारलं तर तो जाहिरात म्हणून पोचला. विक्री त्यातही होईल, पण पुढच्या वर्षी वाक्यं कमी करावी लागतील. प्रत्येक उत्तराला आईनं बोलून, आवाजाच्या निरोपात उत्तर द्यावं, दहा सेकंदांचं असलं तरी. ज्यांनी हळद हवी असं कळवलं त्यांना तेव्हाच विचारा, किती बाजूला ठेवू? त्यांनी स्वतः हवी म्हटलेलं आहे, त्यामुळं हे विचारणं त्यांच्या सोयीचं होतं. हळद दळून झाली की भावाचा निरोप त्यांना पाठवा.

ज्यांचं काहीच उत्तर आलं नाही त्यांना ‘व्हिडिओ पाहिला का?’ असं विचारू नका. निळ्या खुणा बघत बसू नका. त्यातले बरेच जण मे महिन्यात, मिरच्या वाळत घातल्या की, आपणहून फोन करतात. आणि हा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकायचा मोह झाला तर थांबा. तिथं टाकायचा असेल तर नव्या लोकांसाठी दुसरा करा, त्यात भाव सांगा, पत्ता सांगा, सगळं सांगा. हा त्या दीडशे घरांचा आहे.